साडी नंबर सात कुणाची? गंजाडहून लाइव्ह साडीविक्री : माल, ऑर्डर आणि भरवसा

इशाची नमाज झाली, जेवणं उरकली, आणि गंजाडमधल्या एका घरात रात्री साडेनऊला मोबाईल स्टँडवर चढला. चोवीस साड्या चटईवर रचलेल्या. घरातली भाभी एकेक साडी उलगडून दाखवत होती आणि खाली कमेंटचा पाऊस पडत होता. सातवी साडी डाळिंबी रंगाची. "सात माझी" असं दोघींनी लिहिलं, एक पालघरची, एक उंबरगावची. भाभीने दोघींनाही "हो आपा, झाली" म्हणून टाकलं. साडी मात्र एकच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिशेब असा निघाला. कमेंटमध्ये बावीस साड्या "बुक" झालेल्या, पैसे आले तेराच साड्यांचे. नऊ जणींचा पत्ताच नाही. दोन साड्या दोन-दोन जणींना कबूल केलेल्या. पुढच्या आठवड्यात दोन पार्सलं परत आली, एक रंगामुळे, एक पदराला असलेल्या डागामुळे. उंबरगावच्या आपांनी तर गटात लिहिलं की हे लोक एकच साडी दोघांना विकतात.

हे घर आमच्या ओळखीचं. मुलगी आमची माजी विद्यार्थिनी. ती वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, अम्मी कुणाला फसवायला नाही बसली, पण दिसतंय तसंच." आम्ही व्यापारी नाही, शिक्षक आहोत. पण तिच्याबरोबर बसून ती वही पुन्हा मांडली, पुढची दोन-तीन लाइव्ह सत्रं जवळून पाहिली, जाणत्या दुकानदारांना आणि मौलानांना विचारलं. त्यातून जे समजलं ते इथे लिहितो. आपल्या अनेक भगिनी आता घरबसल्या हे काम करू लागल्या आहेत आणि बहुतेकींची गाडी नेमक्या याच ठिकाणी अडते.

कमेंट म्हणजे ऑर्डर नव्हे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. फेसबुकने लाइव्ह विक्रीसाठी काढलेली खास सोय १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केली. इन्स्टाग्रामनेही मार्च २०२३ मध्ये तसंच केलं. साधं लाइव्ह अजून चालू आहे, पण त्यात टोपली नाही, बिल नाही, "माल संपला" अशी पाटी नाही. म्हणजे मोबाईल फक्त चेहरा आणि आवाज पोहोचवतो. कोणी काय घेतलं, पैसे आले का, साडी कुणासाठी बाजूला ठेवली, हे सगळं आपल्यालाच सांभाळायचं आहे. हे काम वहीचं आहे.

फेसबुकवर लाइव्ह जायला खातं किमान ६० दिवस जुनं आणि त्या पेज किंवा प्रोफाइलला किमान १०० फॉलोअर लागतात. इन्स्टाग्रामवर खातं सार्वजनिक आणि फॉलोअर १००० हवेत. त्यामुळे नवीन घरांची सुरुवात बहुधा फेसबुकवर होते आणि पुढचा व्यवहार व्हॉट्सअॅपवर. गंजाडच्या घराचंही तसंच होतं.

माल हातात, मग कॅमेरा

डहाणू रोडहून सुरत रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या आत आहे. सकाळच्या गाडीने जाऊन रिंग रोडच्या कापड बाजारातून माल घेऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथे घाऊक दुकानात साड्या बहुधा संचाने मिळतात. एकाच डिझाइनचे सहा किंवा आठ रंग एकत्र घ्यावे लागतात. त्यातले तीन रंग पटकन जातात आणि बाकीचे घरात बसतात. म्हणून पहिल्या लाइव्हसाठी चार-पाच वेगळी डिझाइन्स घेण्यापेक्षा दोन संच घेणं बरं.

पण बऱ्याच भगिनी सुरतला जातच नाहीत. एखादा व्यापारी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो, त्या तेच फोटो पुढे दाखवतात, ऑर्डर आली की व्यापाऱ्याला कळवतात आणि तो थेट गिऱ्हाइकाला पार्सल करतो. भांडवल लागत नाही, म्हणून हे सोपं वाटतं. इथे दोन अडचणी आहेत. एक व्यवहाराची: ज्या साडीला आपण हात लावला नाही, तिचं कापड, रंग, डाग याबद्दल आपण काय सांगणार? व्यापाऱ्याकडे तो रंग संपलेला असला तरी आपल्याला दोन दिवसांनी कळतं.

दुसरी अडचण दीनची. हकीम इब्न हिजाम (रजि.) यांनी रसूलुल्लाह (स.) यांना विचारलं होतं, की गिऱ्हाईक माझ्याकडे नसलेली वस्तू मागतो, तर मी ती बाजारातून आणून त्याला विकू का? तेव्हा जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, असं त्यांना सांगण्यात आलं. ही रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. म्हणून उलेमा सांगतात, आधी माल आपल्या मालकीत आणि ताब्यात यावा, मग विकावा. भांडवल नसेल तर वाट आहे. व्यापाऱ्याशी आधीच ठरवून त्याची एजंट म्हणून काम करावं, साडीमागे ठरलेलं कमिशन घ्यावं आणि लाइव्हमध्ये उघड सांगावं की माल अमुक दुकानाचा आहे, आम्ही ऑर्डर घेऊन देतो. तुमच्या व्यवहाराची नेमकी मांडणी आपल्या भागातल्या आलिमांना दाखवून घ्या, कारण बारकावे प्रत्येक सौद्यात बदलतात.

गंजाडच्या घराने माल आणून विकायचं ठरवलं. दुसऱ्या लाइव्हसाठी चोवीसऐवजी अठरा साड्या आणल्या आणि प्रत्येक साडी लाइव्हच्या आदल्या दिवशी दुपारी पूर्ण उलगडली. "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा. घडी उघडून वरचा भाग पाहिला की डाग सापडत नाही. साडी साधारण साडेपाच मीटर, ब्लाउजपीससकट सव्वासहा मीटरच्या आसपास असते. डाग, सुटलेला धागा, छपाईची सरकलेली ओळ हे बहुधा आतल्या घडीत किंवा नेसताना कमरेला जाणाऱ्या भागात असतं. उन्हाच्या उजेडात दोघींनी दोन टोकं धरून साडी सरकवत पाहायची. एका साडीला पाच-सहा मिनिटं लागतात. अठरा साड्यांना दीड-दोन तास.

पाहून झाल्यावर प्रत्येक साडीला सेफ्टी पिनने नंबराची चिठ्ठी लावली आणि वहीत त्या नंबरापुढे पाच गोष्टी लिहिल्या: कापड, लांबी आणि ब्लाउजपीस आहे की नाही, रंग शब्दांत, किंमत, आणि दोष असेल तर दोष. तीन साड्यांत दोष सापडले. एक व्यापाऱ्याला परत गेली. दोन ठेवल्या, किंमत शंभर रुपयांनी कमी केली आणि दोषाची जागा लाइव्हमध्ये बोट ठेवून दाखवली. त्यातली एक सर्वांत आधी विकली गेली. परत गेलेल्या साडीऐवजी दुसरी आली, म्हणून अठरा पूर्ण झाल्या.

"वारली साडी" म्हणताना

गंजाडहून विकताना एक जास्तीची जबाबदारी येते. वारली चित्रकलेला जगभर नेणारे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे याच गंजाडच्या कळंबीपाड्याचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १५ मे २०१८ रोजी त्यांचं निधन झालं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे पुण्यात बसलेल्या बाईने "गंजाडहून लाइव्ह, वारली साडी" असं ऐकलं की तिच्या मनात एकच चित्र येतं: पाड्यावरच्या कलाकाराने हाताने काढलेली साडी. आपल्या हातात मात्र सुरतेत यंत्रावर छापलेली असू शकते. आपण खोटं एकही वाक्य बोललो नाही, तरी तिची फसगत झालीच.

हाताचं काम आणि छपाई ओळखणं कठीण नाही. छपाईत तोच नाचणारा गोल, तेच झाड ठरावीक अंतराने पुन्हा येतं आणि दर वेळी हुबेहूब तसंच असतं. हाताने काढलेल्या साडीत प्रत्येक माणसाच्या हातापायाची रेघ थोडी वेगळी असते, कुठे रंग जाड, कुठे पातळ. हाताच्या रंगावरून बोट फिरवलं तर बहुधा उंचवटा लागतो. म्हणून भाभीने वाक्य ठरवून घेतलं: "ही वारली नक्षीची छापील साडी आहे, सुरतची. हाताने काढलेली नाही." हाताची साडी हवी असेल तर कलाकाराकडून ऑर्डरवर करून मिळते, पण तिची किंमत आणि वेळ दोन्ही वेगळे, आणि कलाकाराचं नाव त्याच्या परवानगीने सांगायचं.

या साड्यांवर माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृत्या असतात. आपल्या काही घरांत तशा आकृत्यांचे कपडे टाळले जातात. मग फक्त झाडं, पानं आणि किनारीच्या त्रिकोणांची नक्षी असलेल्या साड्या वेगळ्या रचून "यात आकृती नाही" असं सांगितलं की पार्सल उघडल्यावर नाराजी होत नाही.

कापडाच्या नावातही असाच घोळ असतो. "आर्ट सिल्क" म्हणजे कृत्रिम धागा. त्यातला "आर्ट" बोलता बोलता गळून पडतो आणि गिऱ्हाईक रेशीम समजून बसतो. खऱ्या रेशमाच्या खात्रीसाठी सिल्क मार्कचं लेबल असतं. शंका आली तर साडीच्या काठावरचा एखादा सुटा धागा काढून जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर कडक गाठ उरते. आठशे रुपयांच्या साडीला सिल्क न म्हणता "सिल्कसारखी दिसणारी पॉलिस्टर" म्हणा. घेणारी तरीही घेते, कारण तिलाही किंमत कळते.

उजेड, रंग आणि पडदा

परत येणाऱ्या साड्यांचं सर्वांत मोठं कारण रंग. पिवळ्या बल्बखाली पांढरी साडी मोतिया दिसते आणि निळसर साडी हिरवट. शिवाय मोबाईल स्वतःहून उजेड कमी-जास्त करतो, गडद साडी समोर आली की तिला फिकट करून दाखवतो. उपाय साधा आहे. दोन बाजूंना सारखे पांढरे एलईडी लावा, मागे साधी एकरंगी चादर टांगा आणि साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद धरा. कागद पडद्यावर पिवळा दिसत असेल तर साडीचाही रंग खोटा दिसतोय हे पाहणारीलाही कळतं. आणि रंगाचं नाव तोंडाने सांगा: अबोली, राणी, मोरपंखी, डाळिंबी. नुसतं "पिंक" म्हटलं तर अबोली हवी असलेली राणी रंग मागवून बसते.

भाभीला चेहरा दाखवायचा नव्हता. त्याची गरजही नाही. मोबाईल वरून खाली रोखून लावला, चौकटीत फक्त हात आणि कापड. उलट असं केल्याने विणकाम आणि छपाई जास्त जवळून दिसते. नेसल्यावर कशी पडते हे दाखवायला साडी हँगरवर किंवा प्लास्टिकच्या पुतळ्यावर एकदा लावली की पुरे.

गंजाडसारख्या ठिकाणी नेटवर्कची परीक्षा आधी घ्यावी. लाइव्हला डाउनलोडचा नव्हे, अपलोडचा वेग लागतो. तो तीन-चार एमबीपीएस टिकला तर चित्र बरं जातं. त्याच वेळी, त्याच खोलीत, आदल्या रात्री तपासा, कारण संध्याकाळी गावातले सगळे मोबाईल चालू असतात. लाइव्ह सुरू करायच्या आधी येणारे फोन कॉल बंद करा, नाहीतर मामूंचा फोन आला की दुकान मधेच थांबतं.

सात नंबर कुणाचा, हे कसं ठरवायचं

आता पहिल्या रात्रीच्या भांडणाकडे येऊ. लाइव्ह म्हटलं तरी चित्र गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर काही सेकंद उशिरा पोहोचतं, आणि प्रत्येकीकडे सारख्याच उशिराने नाही. पालघरच्या बाईला साडी पाच सेकंदांनी दिसली असेल, उंबरगावच्या बाईला पंधरा. दोघींना मनापासून वाटतं की आपणच पहिल्या. दोघींपैकी खोटी कोणीच नाही. म्हणून पंच एकच हवा, आणि नियम आधी सांगितलेला हवा.

गंजाडच्या घराने पुढे हे नियम फळ्यावर लिहून कॅमेऱ्यासमोर ठेवले आणि दर दहा मिनिटांनी वाचून दाखवले. साडी हवी असेल तर फक्त नंबर आणि "बुक" लिहा. आमच्या दुसऱ्या मोबाईलवर जी कमेंट वर दिसेल ती पहिली. तिच्या पुढची दुसरी, ती प्रतीक्षेत. बुक केल्यावर लाइव्ह संपल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पैसे आले नाहीत तर साडी प्रतीक्षेतल्या बाईला जाईल. तोपर्यंत ती कुणाला विकली असं धरायचं नाही.

दुसरा मोबाईल मुलीच्या हातात. ती दाखवत नाही, बोलत नाही, फक्त कमेंट वाचते आणि वहीत लिहिते. एक साडी दाखवून झाली की भाभी घाई करत नाही. किंमत पुन्हा सांगते, पदर पुन्हा दाखवते, वीसेक सेकंद थांबते, म्हणजे उशिरा पोहोचणाऱ्यांची कमेंटही येते. मग मुलगी मोठ्याने सांगते, "सात नंबर पालघरच्या आपांचा, प्रतीक्षेत उंबरगावच्या आपा." सगळ्यांच्या कानावर पडलं की वाद उरत नाही. साडी लगेच चटईवरून उचलून वेगळ्या पेटीत जाते, म्हणजे चुकून दुसऱ्यांदा दाखवली जात नाही.

"पैसे न देता साडी बाजूला ठेवली तर तो सौदा झाला का?" असं आम्ही मौलानांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, दोन्ही बाजूंना आधीच माहीत असेल की हा फक्त वादा आहे आणि सौदा पैसे आल्यावर होईल, तर दोघांवरही अन्याय होत नाही. न सांगता मनात ठेवलेली अट मात्र चालत नाही.

पैशांच्या वेळी दोन फसवणुकी नेहमी होतात. पहिली: गिऱ्हाईक यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतं आणि तो बनवलेला असतो. स्क्रीनशॉट पाहायचाच नाही, आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसली तरच वहीत खूण करायची. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर तो चोर. दुसरी फसवणूक गिऱ्हाइकाची होते. कोणीतरी आपल्याच नावाचं, आपलाच फोटो लावलेलं खातं काढतं आणि कमेंटमध्ये "पैसे या नंबरवर पाठवा" लिहितं. बिचारी पैसे पाठवते आणि बदनामी आपली होते. म्हणून व्हॉट्सअॅप नंबर आणि पैसे घेणाऱ्या खात्यावरचं नाव फळ्यावर मोठ्याने लिहा आणि सांगा, की याशिवाय दुसरा नंबर आमचा नाही.

पैसे आल्यावर व्हॉट्सअॅपवर एक निरोप जातो. नमुना असा:

"साडी नंबर ७. डाळिंबी, वारली नक्षी छापील, पॉलिस्टर, ब्लाउजपीससह. किंमत ६९०, कुरिअर ८०, एकूण ७७० मिळाले. पार्सल मंगळवारी निघेल. पत्ता तपासून 'बरोबर' लिहा."

हा निरोप म्हणजे आपलं बिलही आणि साक्षही. लाइव्हचा व्हिडिओ कायमचा राहील असं समजू नका. फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुक नवीन लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनंतर काढून टाकतं. त्याआधी तो डाउनलोड करून ठेवा. आपण काय बोललो होतो हे आपल्यालाही कधी ऐकावं लागतं.

खोटी गर्दी

एक सवय आम्हाला खटकते, म्हणून स्पष्ट लिहितो. सुरुवातीला कमेंट येत नाहीत, मग जाऊबाई, भाची, शेजारीण यांना आधीच सांगून ठेवलं जातं: "तू तीन नंबर बुक लिही, म्हणजे बाकीच्या घाई करतील." त्यांना साडी घ्यायची नसते. लोकांना वाटावं की माल उडतोय. याला शरीअतमध्ये नजश म्हणतात आणि रसूलुल्लाह (स.) यांनी ते मना केलं आहे, ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्यात खोटा बोलणारा आणि बोलायला लावणारा दोघेही येतात. "शेवटचा एकच पीस" असं म्हणून पेटीत सहा ठेवणं हेही त्याच घरातलं. पहिल्या दिवशी फक्त पाचच बायका पाहत असतील तर पाचच असू द्यात.

पार्सल आणि परत येणारी साडी

पार्सल बांधताना साडी, नंबराची चिठ्ठी आणि पत्ता एकाच चौकटीत घेऊन छोटा व्हिडिओ काढा. पाऊस चार महिने असतो, त्यामुळे साडी आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जाड पाकिटात. वजन बांधून झाल्यावर करा, कारण पाचशे ग्रॅमच्या थोडं वर गेलं की पुढचा दर लागतो. बहुतेक साड्या त्याच सीमेवर असतात. स्पीड पोस्ट असो की कुरिअर, ट्रॅकिंग नंबर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला जायला हवा. दोन दिवस गप्प राहिलं की भरवसा तिथेच तुटतो.

"नो रिटर्न, नो एक्स्चेंज" असं म्हणून सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे नियमित विक्री करणाऱ्याला सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो. शरीअतमध्येही लपलेला दोष निघाला तर परत करण्याचा हक्क आहे. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्कही दिलेला आहे. आपल्या अनेक कोकणी घरांत शाफई मसलक आहे, त्यात न पाहिलेल्या मालाच्या सौद्याबद्दल मत आणखी कडक आहे. पडद्यावर पाहणं म्हणजे पाहणं का, हा प्रश्न आपल्या आलिमांना विचारा. पण व्यवहारात सुरक्षित मार्ग दोन्हीकडे एकच निघतो: साडी न वापरलेली असेल तर पोहोचल्यापासून तीन दिवसांत परत घ्यावी. चूक आपली असेल तर जाण्या-येण्याचा खर्च आपला, नुसतं मन बदललं असेल तर येण्याचा खर्च तिचा. हेही फळ्यावर लिहा.

उंबरगावच्या आपांची आठवण ठेवून एक सूचना. तलासरी ओलांडलं की गुजरात लागतं. उंबरगाव, वापीला साडी पाठवणं म्हणजे दुसऱ्या राज्यात माल विकणं. महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणीची सक्ती नसली, तरी दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर ती सूट लागू होत नाही. ठरावीक हस्तकला वस्तूंना सवलत आहे, पण सुरतची छापील साडी त्यात बसत नाही. म्हणून राज्याबाहेर पाठवण्याआधी हिशेबनीसाचा सल्ला घ्या.

दुसऱ्या लाइव्हचा हिशेब

सोपं जावं म्हणून दोषाच्या दोन साड्यांची सूट बाजूला ठेवून सरासरी भाव धरतो. अठरा साड्या, सरासरी ४५० रुपयांनी खरेदी, म्हणजे ८१०० रुपये. सुरतचा प्रवास आणि रिक्षा ५००. विक्री भाव सरासरी ६९०, कुरिअरचे ८० गिऱ्हाइकाकडून वेगळे. चौदा साड्या बुक झाल्या. दुपारी बारापर्यंत बारा जणींचे पैसे आले. उरलेल्या दोन प्रतीक्षेतल्या बायकांना गेल्या, त्यांनी लगेच भरले. म्हणजे चौदा विकल्या. एक रंगामुळे परत आली, तिचे ६९० परत दिले. उरल्या तेरा.

तेरा साड्यांचे आले ८९७०. त्यांची खरेदी ५८५०. फरक ३१२०. यातून प्रवास ५००, चौदा पाकिटांचे २१०, परत आलेल्या साडीचं जाणं-येणं १६० आणि नेटचं रिचार्ज १०० वजा केलं तर नफा २१५० रुपये.

पण पेटीत पैसे किती होते? एकूण खर्च झाला ९०७० आणि हातात आले ८९७०. म्हणजे शंभर रुपये कमीच! नफा कुठे गेला? तो घरात बसलेल्या पाच साड्यांत आहे, चार न विकलेल्या आणि एक परत आलेली. त्यांची खरेदी २२५०. म्हणून भाभीने पुढच्या वेळी नवीन बारा साड्याच आणल्या आणि जुन्या पाच आधी दाखवल्या. उधार काढून दर वेळी पूर्ण संच भरणाऱ्या घरांचं भांडवल इथेच अडकतं, आणि विक्री चांगली होऊनही हात रिकामा का, हे त्यांना कळत नाही.

उंबरगावच्या आपांना त्या डाळिंबी साडीबद्दल मुलीने स्वतः फोन केला. चूक कबूल केली, त्यांचे आलेले पैसे त्याच दिवशी परत पाठवले, आणि गटातली त्यांची कमेंट काढायला सांगितलं नाही. ती अजून तिथेच आहे. खाली भाभीने एवढंच लिहिलंय: "आपा खरं बोलतायत. चूक आमची होती, पैसे परत केले आहेत. आता नियम फळ्यावर आहे."